एक डोळा, दोन डोळे

एक डोळा, दोन डोळे
एक खांदा, दोन खांदे
एक गुडघा, दोन गुडघे
एक तळवा, दोन तळवे
उघडा डोळे, उडवा खांदे
वाकवा गुडघे, वाजवा तळवे!

चार-पाच वर्षांच्या मुलांना उभं करून, टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घ्यायचं हे बोलगाणं आहे. सूर लागत नाही, वाद्य लागत नाही, चित्रं किंवा तक्तेही लागत नाहीत. त्याचं काम एकच आहे. शब्दाच्या शेवटी 'आ' असलेल्या पुल्लिंगी नामाचं अनेकवचन 'ए'ने होतं, ही गोष्ट मुलाच्या कानात आणि जिभेवर बसवायची. नियम सांगायचा नाही. 'अनेकवचन' हा शब्दही त्या वयात उच्चारायचा नाही.

मराठी घरात वाढणाऱ्या बहुतेक मुलांना ही रूपं ऐकूनच येतात, त्यांना अशा गाण्याची फारशी गरज नसते. गरज असते ती ज्यांच्या कानावर मराठी कमी पडते त्यांना. घरात हिंदी, गुजराती किंवा गोंडी बोलणारी मुलं, इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत दिवस काढणारी मुलं, परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत येणारी मुलं. त्यांच्या तोंडी 'दोन आंबा' येतं, नाहीतर 'आंबाज' आणि 'लाडूज' येतं. त्यांना दुरुस्त करत बसलं की ती बोलायचीच बंद होतात. ठेक्यात मात्र तोच शब्द वीस वेळा म्हणायला त्यांना काहीच वाटत नाही.

शरीराचे अवयव निवडायला कारण आहे. अनेकवचन शिकवताना 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक मुलाला प्रत्यक्ष दिसावा लागतो, आणि डोळे, खांदे, गुडघे हे मुळातच दोन-दोन असतात. एका डोळ्यावर हात ठेवला की 'एक डोळा', दोन्हींवर ठेवले की 'दोन डोळे'. अर्थ सांगावा लागत नाही. दुसरं असं, की मराठीतले अनेकवचनाचे जवळजवळ सगळे नियमित प्रकार आपल्या अंगावरच सापडतात. डोळ्याचे डोळे होतात, मांडीच्या मांड्या होतात, बोटाची बोटं होतात आणि कान कानच राहतो.

आता ठेक्याकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. ओळीत चार ठोके आहेत. पहिला 'एक'वर, दुसरा 'डोळा'वर, तिसरा 'दोन'वर, आणि चौथा? बहुतेक जण तो 'डोळे'मधल्या 'डो'वर टाकतात, कारण बोलताना जोर तिथेच येतो. तसं केलं तर शेवटचा 'ळे' ठोक्याच्या मागे फरफटत जातो आणि वर्गाच्या गलक्यात ऐकूच येत नाही. जे शिकवायचं तेच हरवतं. म्हणून 'दोन डो' एका ठोक्यात घ्यायचं आणि चौथा ठोका थेट 'ळे'वर टाकायचा:

एक | डोळा | दोन डो | ळे

पहिले तीन ठोके टाळीचे, चौथा पाय आपटून. 'ळे', 'दे', 'घे', 'वे' ही अक्षरं पायाखाली आली पाहिजेत. गती चालण्याइतकी ठेवावी, मिनिटाला साधारण ऐंशी ठोके. मुलं आपण होऊन वेग वाढवतात, आणि वेग वाढला की सर्वांत आधी शेवटचं अक्षर गिळलं जातं. तेव्हा थांबून पुन्हा संथ सुरू करावं.

शब्दांची निवडही या ठेक्यानेच ठरते. 'अंगठा' चालतो, कारण बोलताना तो 'अंग्ठा' असा दोन तुकड्यांत येतो. 'करंगळी' चालत नाही. ती एका ठोक्यात कोंबली की मुलं 'करगी' असं काहीतरी म्हणतात आणि पुढचं सगळं निसटतं. बोलगाण्यात भर घालायची असेल तेव्हा आधी शब्द मोठ्याने म्हणून, टाळी देऊन पाहावा. कागदावर बसलेला शब्द तोंडात बसेलच असं नाही.

न्यूयॉर्कमध्ये प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहॅम यांनी 'जॅझ चँट्स' हे पुस्तक 1978मध्ये प्रसिद्ध केलं. बोलगाण्यातून भाषा शिकवण्याची पद्धत त्यांच्यामुळे जगभर पोचली. रोजच्या बोलण्यातला ठेका मोडायचा नाही, तोच जरा उठावदार करायचा, ही त्यांच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट आहे. 'दोन डो-ळे' म्हणताना आपण शेवटावर पाय आपटतो, पण 'ळे' ताणत नाही. 'डोळेऽऽऽ' असं लांबवलं तर ते गाणं होतं, आणि गाण्यातला उच्चार मूल बोलण्यात आणत नाही.

पहिलं कडवं साधारण आठवडाभर, रोज पाच-सात मिनिटं. ते नीट बसलं की पुढच्या कडव्याची घाई करावी, आणि ते कडवं 'या'चं नसावं. ते असं असावं:

एक हात, दोन हात
एक पाय, दोन पाय
एक कान, दोन कान
एक गाल, दोन गाल
हलवा हात, नाचवा पाय
पकडा कान, फुगवा गाल!

व्याकरणाच्या पुस्तकांत हा प्रकार शेवटी, 'या नामांची रूपे दोन्ही वचनांत सारखीच राहतात' अशा एका वाक्यात येतो. बोलगाण्यात तो दुसऱ्याच क्रमांकावर हवा. कारण 'आ'चा 'ए' करायला शिकलेलं मूल त्या आनंदात सगळ्यालाच 'ए' लावत सुटतं. 'हाते', 'काने', 'दाते' ऐकू येऊ लागतं. हे वाईट लक्षण नाही. त्याला नियम सापडला आहे, एवढंच ते सांगतं. पण 'ए'चं कडवं तीन-चार आठवडे एकटंच घोकवलं तर 'हाते' पक्कं होतं आणि मग काढायला कष्ट पडतात. 'हात, हात' लगेच आलं की मुलाला कळतं, सगळे शब्द बदलत नाहीत. या कडव्यात चौथ्या ठोक्याला पाय आपटायचा नाही, दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरायच्या. शब्द हलला नाही, म्हणून अंगही हलवायचं नाही. ही खूण मुलांना फार लवकर कळते.

तिसरं कडवं स्त्रीलिंगी 'ई'चं:

एक भुवई, दोन भुवया
एक पापणी, दोन पापण्या
एक मांडी, दोन मांड्या
एक पोटरी, दोन पोटऱ्या
उचला भुवया, मिटा पापण्या
थोपटा मांड्या, चोळा पोटऱ्या!

इथे अडचण उच्चाराची असते. 'ण्या', 'ड्या', 'ऱ्या' ही जोडाक्षरं लहान मुलांना फोडून म्हणावीशी वाटतात: 'मांडिया', 'पोटरिया'. घरी हिंदी असेल तर हे हमखास होतं, कारण हिंदीत याच जागी 'इयाँ' येतं. ठेका इथे फार उपयोगी पडतो. 'दोन मां' एका ठोक्यात आणि 'ड्या' दुसऱ्या ठोक्यात असं बसवलं की 'डि-या' म्हणायला जागाच उरत नाही. मूल आपोआप ते एका झटक्यात म्हणतं. याच हिंदीभाषक मुलांना पहिलं कडवं मात्र अगदी सोपं जातं, कारण 'घोडा-घोडे' दोन्ही भाषांत सारखंच आहे. म्हणून वर्गातली मुलं कोणत्या भाषेतून आली आहेत ते आधी पाहावं आणि कोणत्या कडव्याला किती दिवस द्यायचे ते त्यावर ठरवावं.

चौथं कडवं नपुंसकलिंगाचं, आणि सर्वांत अवघड:

एक बोट, दहा बोटं
एक नख, दहा नखं
एक मनगट, दोन मनगटं
एक पाऊल, दोन पावलं
नाचवा बोटं, दाखवा नखं
फिरवा मनगटं, टाका पावलं!

'बोटं' की 'बोटे'? छापील मराठीत आपण 'बोटे' लिहितो, पण पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'बोटं'च असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते मूल अजून वाचत नाही. त्याने आजीच्या, शेजारच्या काकूंच्या तोंडून 'बोटं' ऐकलेलं असतं किंवा ऐकायचं असतं. वर्गात 'बोटे' शिकवलं तर त्याला बाहेर कोणी तसं बोलताना भेटत नाही. शिवाय एक वेगळाच गोंधळ होतो. 'डोळे' आणि 'बोटे' यांचे शेवट सारखे झाले की मूल 'माझे डोळे'च्या चालीवर 'माझे बोटे' म्हणू लागतं. लेखी रूप दुसरीत-तिसरीत वाचनाबरोबर येऊ द्यावं. काही घरांत, विशेषतः विदर्भात, 'माझे पुस्तकं' असं सहज बोललं जातं. ते मुलाच्या घरचं बोलणं आहे. त्याला चूक म्हणू नये. शाळेत 'माझी पुस्तकं' ऐकवत राहावं, मूल दोन्ही सांभाळतं.

या कडव्यात 'डोकं' घालायचा मोह होतो. घालू नये. 'डोकं'चं अनेकवचन 'डोकी'. म्हणजे 'डोकं'मध्ये शेवटचा 'अं' एकाचा आणि 'बोटं'मध्ये तोच 'अं' अनेकांचा. एकाच दिवशी दोन्ही आले तर मूल 'एक बोटं' म्हणू लागतं. 'डोकं-डोकी' महिनाभराने, वेगळ्या खेळात घ्यावं. दोन मुलांनी कपाळाला कपाळ लावायचं आणि म्हणायचं, 'एक डोकं, दोन डोकी'.

आतापर्यंत जे सांगितलं त्याने काम अर्धंच होतं. चारही कडवी तोंडपाठ असलेलं मूल 'माझा डोळे दुखतात' म्हणताना मी ऐकलं आहे. 'डोळे' बरोबर आहे, पण त्याच्या बरोबरचा 'माझा' एकट्याचाच राहिला. मराठीत अनेकवचन फक्त नामावर बसत नाही. ते त्याच्या आधीच्या शब्दावर आणि पुढच्या क्रियापदावरही बसतं. 'हात'सारख्या शब्दात तर ते नामावर दिसतच नाही, फक्त सोबत्यावर दिसतं: माझा हात, माझे हात. म्हणून कडवी बसली की 'एक-दोन' काढून त्या जागी सोबती आणायचा:

माझा डोळा, माझे डोळे
माझा हात, माझे हात
माझी मांडी, माझ्या मांड्या
माझं बोट, माझी बोटं

या चार ओळी मला सगळ्या बोलगाण्याचा गाभा वाटतात. पहिल्या ओळीत 'झे' आणि 'ळे', तिसऱ्यात 'झ्या' आणि 'ड्या' असे शेवट जुळतात, तेव्हा मूल सहज म्हणतं. दुसऱ्या ओळीत 'हात' गप्प असतो आणि 'माझे' बोलतो. पाय आता 'झे'वर आपटायचा. चौथी ओळ मात्र आडमुठी आहे. 'माझी बोटं' यात काहीच जुळत नाही, आणि हाच 'माझी' तिसऱ्या ओळीत एका मांडीसाठी आलेला असतो. मुलं इथे अडखळणारच. ही ओळ एकटी काढून, बोटं नाचवत, इतर ओळींपेक्षा दुप्पट वेळा घ्यावी, आणि तिसऱ्या ओळीला लागून कधी घेऊ नये.

सोबत्याचं महत्त्व एका खेळातून स्पष्ट दिसतं, आणि मुलाला नियम आला की नुसतं पाठांतर झालं हेही त्यातूनच कळतं. अमेरिकन भाषावैज्ञानिक जीन बर्को यांनी 1958मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं, आणि मग दोन प्राणी दाखवून वाक्य पुरं करायला सांगितलं. मुलांनी तो शब्द कधीच ऐकलेला नव्हता, त्यामुळे बरोबर उत्तर आलं तर ते पाठांतरातून येणं शक्य नव्हतं. बहुतेक मुलांनी बरोबर अनेकवचन केलं. पण त्याच मुलांना 'ग्लास'चं अनेकवचन येत असूनही, त्याच्यासारखाच शेवट असलेल्या 'टॅस' या बनावट शब्दाचं जमलं नाही. ओळखीचा शब्द पाठ होता, त्यामागचा नियम अजून यायचा होता.

हाच खेळ मराठीत करता येतो. मातीचं किंवा कागदाचं एक विचित्र खेळणं करायचं आणि म्हणायचं, 'हा माझा टिंबडा.' मग दुसरं ठेवायचं: 'आता हे माझे दोन...' मूल 'टिंबडे' म्हणालं तर पहिलं कडवं खरंच मुरलं. 'ही माझी गुलटी, या माझ्या दोन...' याला 'गुलट्या' आलं तर तिसरं. आता 'गिबल' घेऊ. हा शब्द मराठीत नाही, आणि त्याच्याकडे पाहून लिंग कळत नाही. 'हा माझा गिबल, हे माझे दोन...' असं विचारलं तर उत्तर 'गिबल'. 'हे माझं गिबल, ही माझी दोन...' असं विचारलं तर उत्तर 'गिबलं'. शब्द तोच, सोबती बदलला की अनेकवचन बदललं. ज्या मुलाला हे जमतं, ते नामाच्या शेवटाकडेच नाही, सोबत्याकडेही ऐकू लागलं आहे. हा खेळ रोज करायचा नाही. एखादं कडवं संपल्यावर एकदा, एकेका मुलाशी, बाजूला बसून करावा.

'ही माझी गिबल' असं मात्र विचारू नये. इथे बोलगाण्याची मर्यादा लागते. अकारान्त स्त्रीलिंगी नामांचं अनेकवचन काहींचं 'आ'ने होतं, काहींचं 'ई'ने. टाच-टाचा, मान-माना, दाढ-दाढा, पण पाठ-पाठी, भिंत-भिंती, विहीर-विहिरी. शब्द पाहून ते सांगता येत नाही. मोठ्या माणसालाही ते शब्दाबरोबरच शिकावं लागतं. नियमच नाही तिथे नियम बसवणारं गाणं करू नये. टाचा अंगावर असल्या तरी कडव्यात येत नाहीत, त्याचं हे कारण. शिवाय पहिल्या कडव्यात 'आ' हा एकाचा शेवट आहे आणि 'टाचा'मध्ये तोच अनेकांचा. असे शब्द गोष्टीतून, जोडीजोडीने यावेत. 'काका', 'मामा', 'शाळा' हेही तूर्त दूर ठेवावे, नाहीतर 'काके' आणि 'शाळे' ऐकायची तयारी ठेवावी.

वर्गात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे एकत्र आवाज. तीस मुलं एका सुरात म्हणत असताना सगळ्यांना येतंय असं वाटतं. नीट पाहिलं तर काही मुलं शेजारच्याच्या तोंडाकडे पाहून अर्धा ठोका मागून म्हणत असतात. काही फक्त 'एक' आणि 'दोन' जोरात म्हणतात आणि मधलं पुटपुटतात. पाढे म्हणताना हेच होतं. ओळीने म्हणणारं मूल मधलाच एखादा गुणाकार विचारला की थांबतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसापासून शिक्षिकेने ओळीचा पहिला अर्धा भाग म्हणावा आणि दुसरा मुलांनी पुरा करावा. मग शब्दांचा क्रम बदलावा, डोळ्यांनंतर एकदम मांडी आणावी. त्यानंतर शिक्षिकेने बोलायचंच नाही, फक्त एका खांद्यावर आणि मग दोन्हींवर बोट ठेवायचं. शब्द मुलांनी आणायचा. एकेका मुलाकडून घ्यायचं असेल तर चेंडू फिरवावा. ज्याच्या हातात चेंडू त्याने ओळ पुरी करायची, बाकीच्यांनी ठेका धरायचा. ठेका चालू असला की एकट्याने बोलण्याची भीती बरीच कमी होते.

मूल चुकलं तर ठेका थांबवू नये. त्याने 'दोन खांदा' म्हटलं तर शिक्षिकेने पुढच्याच ठोक्याला तीच ओळ नीट म्हणावी, 'दे'वर जरा जोरात पाय आपटावा आणि पुढे जावं. 'असं नाही, असं म्हण' हे वाक्य ठेका मोडतं, आणि सगळी नजर त्या मुलाकडे वळते.

शेवटी ठेका सोडवावाही लागतो. टाळीवर 'मांड्या' म्हणणारं मूल जेवताना 'दोन वाटी' म्हणत असेल तर रूप अजून गाण्यातच अडकलं आहे. त्यासाठी कडवं संपल्यावर लगेच, टाळ्या न वाजवता, साध्या बोलण्यात काही काम द्यावं. बाहुलीला आंघोळ घालणं याला उत्तम. 'तिचे खांदे पूस. आता काय पुसायचं?' 'पोटऱ्या.' 'कोणाच्या?' 'तिच्या पोटऱ्या.' त्याच आठवड्यात डब्यातल्या पोळ्या, खिडकीतल्या चिमण्या, दारातले घोडे आणि कुत्रे यांची नावं कानावर पडू द्यावीत. शेवट तेच, शब्द नवे. वाटीच्या वाट्या मुलाने न विचारता केल्या की ते कडवं बंद करून पुढचं घ्यावं.

'डोळ्यात गेलं', 'बोटांना लागलं' ही रूपं या बोलगाण्यातून येत नाहीत. 'डोळेमध्ये गेलं' असं मूल म्हणत राहील, आणि ते आणखी बराच काळ चालेल. प्रत्यय लागण्याआधी नामाचं जे रूप बदलतं त्याला वेगळा ठेका, वेगळे शब्द लागतात. 'डोळ्यात पाणी, डोळ्यावर झापड' अशा ओळींची सुरुवात तिथून करता येईल, पण ती या चार कडव्यांच्या आधी नको.